तासाला ५ मिनिटं पुढे, पण कोणत्या तासाला?

धोपाव्यातल्या एका घराच्या पडवीत लंबकाचं जुनं घड्याळ आहे असं समजा. सकाळी ६ वाजता मोबाइल बघून काटे नीट लावले. पण हे घड्याळ तासाला ५ मिनिटं पुढे पळतं. संध्याकाळी त्यात ७ वाजले, आणि पलीकडे दाभोळला जायला ६ ची फेरीबोट गाठायची आहे. खरे किती वाजले?

स्कॉलरशिपचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पुतणीने हे उदाहरण चटकन सोडवलं. "काका, ६ ते ७ म्हणजे १३ तास झाले. तासाला ५, म्हणजे १३ पंचे ६५ मिनिटं जास्त. ७ मधून ६५ मिनिटं वजा केली की ५:५५." तिच्या हिशेबाने जेटीवर उतरायला अजून ५ मिनिटं हातात होती. खरं तर ६ वाजले होते आणि बोट सुटत होती.

तिचा गुणाकार बरोबर होता, वजाबाकीही बरोबर होती. चुकला तो फक्त १३ हा आकडा. ते १३ तास घड्याळाच्या तबकडीवरचे होते. आणि "तासाला ५ मिनिटं पुढे" म्हणताना आपण खऱ्या तासाबद्दल बोलतो: खरी ६० मिनिटं जातात तेवढ्यात या घड्याळाचे काटे ६५ मिनिटं चालतात. ५ मिनिटांची वाढ खऱ्या तासामागे होत असेल, तर ५ ने गुणायचे तेही खरे तासच. नेमके तेच आपल्याला माहीत नाहीत, तेच तर शोधायचे आहेत.

म्हणून इथे आपलं जुनं त्रैराशिक मांडायचं. काटे ६५ मिनिटं चालले तर खरी ६० मिनिटं. मग काटे १३ तास, म्हणजे ७८० मिनिटं चालले, तर खरी किती? ७८० ला ६५ ने भागलं की १२ येतात, त्याला ६० ने गुणलं की ७२० मिनिटं, म्हणजे १२ तास. सकाळी ६ नंतर १२ तास म्हणजे संध्याकाळचे ६.

उत्तर बरोबर आहे का, हे उलट्या दिशेने तपासता येतं, आणि ही सवय मला फार मोलाची वाटते. खरे १२ तास गेले तर घड्याळ १२ पंचे ६० मिनिटं पुढे गेलं, म्हणजे ६ च्या जागी ७ दाखवणार. जुळलं. आता ५:५५ तपासून बघा. तेव्हा १२ तासांना ५ मिनिटं कमी एवढा खरा वेळ गेलेला असेल, आणि घड्याळ ६० मिनिटांपेक्षा किंचित कमीच पुढे गेलेलं असेल. त्यात ७ वाजलेले नसतीलच, साधारण ६:५५ दिसतील. म्हणजे ५:५५ हे उत्तर उदाहरणाशीच जुळत नाही.

प्रश्न उलटा असता, म्हणजे खरे ६ वाजले असताना घड्याळ किती दाखवेल असं विचारलं असतं, तर पुतणीची पद्धत अगदी योग्य ठरली असती. तिथे खरे १२ तास हातात दिलेलेच असतात, ५ ने गुणायचं आणि मिळवायचं. दोन प्रश्न वाचताना एकसारखेच वाटतात, म्हणूनच घोटाळा होतो. उदाहरणातला दिलेला वेळ घड्याळाचा आहे की खरा, एवढं आधी कागदावर लिहावं आणि मगच आकड्यांना हात लावावा.

घड्याळ मागे पडणारं असेल तर? तेही सकाळी ६ ला लावलं, तासाला ५ मिनिटं मागे पडतं, आणि संध्याकाळी त्यात ५ वाजले. घाईघाईत आपण म्हणतो, ११ तास झाले, ११ पंचे ५५, ती मिळवली की ५:५५. पण खऱ्या ६० मिनिटांत हे काटे ५५ मिनिटंच चालतात. ११ तासांची ६६० मिनिटं, त्यांना ५५ ने भागून १२, म्हणजे खरे १२ तास. इथेही ६ च वाजलेत.

दोन्ही वेळा चुकीचं उत्तर ५:५५ आलं, हे लक्षात आलं का? पुढे पळणाऱ्या घड्याळात आपण गरजेपेक्षा जास्त वजा करतो, मागे पडणाऱ्यात गरजेपेक्षा कमी मिळवतो. म्हणजे घड्याळ कुठल्याही बाजूला बिघडलेलं असो, ही चूक आपल्याला खऱ्यापेक्षा आधीचीच वेळ सांगते. बोट गाठायची असेल तर हीच बाजू नडते.

पण ५:५५ हे उत्तर अगदी बरोबर ठरेल असंही एक घड्याळ असतं, आणि दोघांतला फरक कळायला ते समजून घ्यायलाच हवं. आपण ते "५ मिनिटं" मोजले कसे, यावर सगळं अवलंबून आहे. मोबाइलमध्ये ७ वाजले तेव्हा घड्याळाकडे पाहिलं आणि त्यात ७:०५ दिसले, तर आपण खऱ्या तासाने मोजलं. पण घड्याळाचे सात टोले पडले तेव्हा मोबाइल पाहिला आणि त्यात ६:५५ दिसले, तर आपण घड्याळाच्या तासाने मोजलं. बोलताना दोन्ही वेळा तोंडून एकच वाक्य निघतं, "तासाला ५ मिनिटं पुढे आहे". दुसऱ्या घड्याळाच्या मात्र प्रत्येक ६० मिनिटांत खरी ५५ च जातात. त्यात ७ वाजले की १३ गुणिले ५५, म्हणजे ७१५ मिनिटं, ११ तास ५५ मिनिटं. खरे वाजले ५:५५. परीक्षेत दुसरं काही सांगितलं नसेल तर खरा तासच धरतात.

घरातल्या खऱ्याखुऱ्या घड्याळासाठी एवढी काळजी घ्यावी लागते का? लंबकाचं घड्याळ तासाला ५ मिनिटं पळायला लंबकाची लांबी जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी व्हावी लागेल. एका सेकंदात एक पूर्ण हेलकावा घेणारा लंबक साधारण २५ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे तो पावणेचार सेंटिमीटरने आखूड व्हायला हवा. तसं आपोआप होत नाही. घरातलं घड्याळ दिवसाला ५ मिनिटं वगैरे पुढेमागे होतं, आणि तेव्हा दोन्ही पद्धतींच्या उत्तरांत दिवसाअखेर फक्त एका सेकंदाच्या आसपास फरक पडतो. तिथे खुशाल सरळ वजाबाकी करावी.

आणि वजाबाकीपेक्षा दुरुस्तीच बरी. दिवसाला ५ मिनिटं म्हणजे त्या २५ सेंटिमीटरच्या लंबकात पावणेदोन मिलिमीटरच्या आसपासचा फरक. लंबक हलक्या हाताने थांबवायचा, गोळ्याखालची चक्री थोडी सैल करून गोळा तेवढा खाली घ्यायचा, काटे मोबाइलबरोबर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहायचं. घड्याळ मागे पडत असेल तर गोळा वर घ्यायचा.