छतावरील व परांचीवरील कामाची पादत्राणे

पत्र्याच्या शेडवर, कौलारू छपरावर किंवा लोखंडी पाइपांच्या परांचीवर उभे राहून काम करणाऱ्यांची पादत्राणे. कारखान्यातल्या जमिनीवर वापरायचा सेफ्टी बूट मुख्यतः वरून पडणाऱ्या वस्तूपासून बोटे वाचवतो. इथे मात्र पाय निसटू न देणे हे पहिले काम असते. त्यासाठी तळ किती वाकतो आणि धातूवर किती धरतो, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

परांचीच्या पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ४८ मिमी असतो. ताठ तळाचा बूट अशा पाइपवर ठेवला की तो एका बारीक रेषेवरच टेकतो आणि तोल जरा ढळला की त्या रेषेवर फिरतो. चवड्यापाशी वाकणारा तळ पाइपभोवती किंचित वळतो, त्यामुळे टेकण्याची जागा वाढते आणि पायाखाली काय आहे हे कामगाराला कळते. जपानमधील परांची कामगारांची जिका-ताबी याच गुणावर टिकून आहे. अंगठा वेगळा असलेल्या या कापडी जोड्याला पातळ रबरी तळ असतो. पुढे ब्रिजस्टोन टायर कंपनी काढणारे शोजिरो इशिबाशी यांनी १९२३ मध्ये कुरुमे येथून ती मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. पण पातळ तळाची किंमत पायालाच मोजावी लागते. शिडीच्या दांड्यावर अर्धा तास उभे राहिले की कमानीखाली दांडा रुततो, आणि खिळा सहज आरपार जातो. म्हणून शिडी-परांचीच्या कामाला चवड्यात लवचिक, पण कमानीखाली ताठ पट्टी असलेला बूट सोयीचा. त्याच्या टाचेची पुढची कड दांड्यावर अडकते. पत्र्यावर मात्र हीच उंच टाच अडचणीची ठरते. तिथे टाचेपासून चवड्यापर्यंत सलग, सपाट तळ बरा.

धातूवरची पकड मुख्यतः तळाच्या रबरावर ठरते. मऊ रबर पत्र्याच्या बारीक खडबडीतपणात बसते, पण लवकर झिजते. पीव्हीसीचा कडक तळ टिकतो आणि घसरतो. खोल खाचांचा तळ चिखलासाठी असतो. गुळगुळीत पत्र्यावर त्या खाचांमुळे टेकणारे रबर कमी होते आणि त्यांत अडकलेली खडी थेट पत्र्यावर येते. अगदी गुळगुळीत तळही चालत नाही, कारण पाणी निसटायला अरुंद वाटा लागतात.

उतारावर हिशोब किती झपाट्याने बदलतो ते पाहण्यासारखे आहे. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीने चालताना घर्षणांक, म्हणजे तळ किती धरतो याचे माप, सुमारे ०.२ पुरतो. १० अंशांच्या छपरावर नुसते उभे राहायला ०.१८ लागतो, पण तिथून त्याच चालीने उतरायचे तर ०.३९ लागतो, २० अंशांवर ०.६१. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर चांगले रबर हे साधू शकते. पण सकाळच्या दवाने भिजलेल्या रंगीत पत्र्यावर तोच बूट निसटतो, आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या कोकणातल्या कौलांवर, जिथे उतार ३० अंशांच्या आसपास असतो, कुठलाच तळ भरवशाचा नाही. तिथे छपराला बांधलेली शिडी आणि सेफ्टी बेल्टच हवा.

बुटावरचा शिक्का इथे फसवू शकतो. भारतात सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. आंतरराष्ट्रीय आयएसओ २०३४५ च्या २०११ च्या आवृत्तीत न घसरण्याच्या ‘SRC’ खुणेसाठी साबणपाण्याची फरशी आणि ग्लिसरीन लावलेले पोलाद अशा दोन पृष्ठांवर चाचणी होई. पोलादावर सपाट पायासाठी घर्षणांक ०.१८ पुरत असे, म्हणजे १० अंशांच्या छपरावर जेमतेम उभे राहण्याइतके. २०२२ च्या आवृत्तीत ‘SR’ खूण आली आणि तिची चाचणी ग्लिसरीन लावलेल्या फरशीवर होते. उताराच्या पत्र्याबद्दल या दोन्ही खुणा थेट काही सांगत नाहीत.

बूट नवा असताना धरतो आणि वर्षभरात निसटू लागतो, तेव्हा बहुधा रबर कडक झालेले असते. नख रुतवून पाहावे: रबर दबत नसेल आणि चवड्याखालचा भाग चकाकत असेल तर तो बूट छपरासाठी संपला. सिमेंटची भुकटी तळाला लागली तरी पकड जाते, म्हणून वर चढल्यावर तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. ड्रिलचा लोखंडी बुरादा मऊ तळात रुततो, पत्र्याचा रंग खरवडतो आणि तिथून गंज धरतो.

पाऊल पत्र्याच्या खोलगट, सपाट भागात, पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या दांड्यांवरच्या, म्हणजे पर्लिनवरच्या, स्क्रूंच्या ओळीत टाकावे. तिथे पत्रा लवत नाही आणि पूर्ण तळ टेकतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर मात्र धोका घसरण्याचा नसून पत्रा फुटण्याचा असतो. तिथे स्क्रूंच्या ओळीवरही भरवसा ठेवू नये, पर्लिनवर टेकलेल्या फळ्या टाकूनच चालावे.