गर्भजल कमी किंवा जास्त असणे

गर्भाशयात बाळाभोवती पाणमोटेत जे पाणी असते, ते गर्भजल. सोनोग्राफीत ते अपेक्षेपेक्षा कमी आढळले तर त्या स्थितीला ऑलिगोहायड्राम्निऑस आणि जास्त आढळले तर पॉलिहायड्राम्निऑस म्हणतात. रिपोर्ट हातात पडला की घरात ‘पाणी कमी झालंय’ एवढेच वाक्य फिरू लागते. पण पाण्याचे प्रमाण हा आजार नव्हे. ते एक चिन्ह आहे आणि त्यामागचे कारण शोधल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

गर्भारपणाच्या साधारण सोळाव्या आठवड्यानंतर हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होते. थोडी भर बाळाच्या फुप्फुसांतून येणाऱ्या द्रवाची असते. बाळ तेच पाणी गिळते, ते आतड्यांतून शोषले जाते आणि वारेमार्फत आईच्या रक्तात जाते. म्हणून पाणी कमी दिसले तर प्रश्न असा पडतो, की बाळाची लघवी कमी होते आहे की पाणमोटेतून पाणी गळते आहे? जास्त दिसले तर बाळ लघवी जास्त करते आहे की गिळू शकत नाही? पुढच्या बहुतेक तपासण्या या प्रश्नांच्याच उत्तरासाठी असतात.

सोनोग्राफीत पाणी लिटरमध्ये मोजता येत नाही, अंदाज घ्यावा लागतो. त्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत आईच्या पोटाचे बेंबीला धरून चार भाग कल्पितात. प्रत्येक भागात पाण्याचा जो सर्वांत खोल कप्पा दिसतो त्याची उभी खोली सेंटिमीटरमध्ये घेतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. हा गर्भजल निर्देशांक, म्हणजे रिपोर्टवरचा AFI. तो 5 किंवा त्याखाली असेल तर पाणी कमी, 24 किंवा त्यावर असेल तर जास्त धरतात. दुसऱ्या पद्धतीत फक्त एकच, सर्वांत खोल कप्पा मोजतात. तो 2 सेंटिमीटरहून कमी असेल तर पाणी कमी, 8 किंवा अधिक असेल तर जास्त. मोजताना कप्प्यात नाळेचे वेटोळे किंवा बाळाचा हात-पाय येता कामा नये आणि प्रोबचा दाब हलका हवा. दाब वाढला की कप्पा चपटा होतो आणि आकडा खाली येतो. बाळ हलले की कप्पेही सरकतात, त्यामुळे त्याच बाईचा आकडा तासाभराने थोडा वेगळा आला तर त्यात नवल नाही.

या दोन पद्धती नेहमी एकच उत्तर देत नाहीत. समजा, 36 आठवड्यांच्या एका गर्भवतीचे चार कप्पे 2.6, 1.2, 0.8 आणि 0 असे भरले. बेरीज 4.6 होते, म्हणून निर्देशांकानुसार पाणी कमी. पण सर्वांत खोल कप्पा 2.6 आहे, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने पाणी पुरेसे. अशा प्रसंगी काय करावे, हे पाहणारे तुलनात्मक अभ्यास झाले आहेत. त्यांत दिसले ते असे, की निर्देशांक वापरला की ‘पाणी कमी’ हा शेरा जास्त जणींना मिळतो आणि कळा आणण्याचे औषध जास्त जणींना दिले जाते, पण बाळांची प्रकृती त्यामुळे अधिक चांगली निघत नाही. त्यामुळे कमी पाण्याचा निर्णय खोल कप्प्यावरून घेणे अधिक सयुक्तिक आहे. केवळ 4.6 हा आकडा पाहून त्याच दिवशी सिझेरियन ठरवणे योग्य नाही.

या गर्भवतीला डॉक्टर आधी विचारतात, की खालून कोमट पाणी झिरपते का, कपडे ओले होतात का. शंका असेल तर निर्जंतुक उपकरणाने आतून तपासून पाणी गळते आहे का ते पाहतात. मग रक्तदाब घेतात आणि औषधांची चौकशी करतात. 20 आठवड्यांनंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावून पाणी घटू शकते. रक्तदाबावरच्या एनालाप्रिलसारख्या गोळ्यांचेही तसेच. डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेतील ॲस्पिरिन मात्र यात मोडत नाही, ती मनाने थांबवू नये. यानंतर पाहायची ती बाळाची वाढ आणि नाळेच्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर. बाळ अंदाजे अडीच किलोचे, डॉप्लर नीट, हालचाली चांगल्या असतील, तर थांबता येते. बाळाच्या ठोक्यांचा आलेख, म्हणजे एनएसटी, आणि पाण्याची मोजणी बहुधा आठवड्यातून एकदा-दोनदा होते.

हेच बाळ 1.9 किलोचे, खोल कप्पा 1.4 आणि नाळेतला प्रवाह अडखळणारा असता, तर चित्र पार बदलले असते. वार पुरेसे रक्त पुरवत नसली की बाळ ते मेंदूकडे वळवते, मूत्रपिंडाकडे कमी जाते आणि लघवी घटते. इथे कमी पाणी हा ताणाचा पुरावा असतो आणि प्रसूती लवकर करण्याचा विचार होतो. दुसरे काही बिघडलेले नसून खोल कप्पा सातत्याने 2 च्या खाली राहिला, तर 36 ते 37 पूर्ण आठवड्यांच्या सुमारास प्रसूती करण्याची शिफारस आहे. पाचव्या महिन्याच्या आसपासच पाणी फार कमी आढळणे सर्वांत गंभीर. तेव्हा बाळाची मूत्रपिंडे व मूत्राशय बारकाईने पाहतात, कारण पाण्याविना फुप्फुसांची वाढ खुंटते.

शहाळ्याचे पाणी, सलाईन, भरपूर पाणी पिणे हे सल्ले घरोघरी ऐकू येतात. आईने दोन तासांत सुमारे 2 लिटर पाणी प्यायल्यावर निर्देशांक वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. शरीरात पाणी कमी पडलेल्या आईला, विशेषतः उन्हाळ्यात, त्याचा उपयोग होतो. पण वार कमजोर असेल किंवा पाणमोट फुटली असेल तर पिण्याने कारण दूर होत नाही. गळती झाल्यास, रक्तस्राव झाल्यास किंवा हालचाली मंदावल्यास पाणी पीत वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पाणी जास्त असण्याचे प्रमाण बहुतेकींत सौम्य असते आणि त्यांच्यात अनेकदा कारण सापडत नाही. तरी दोन गोष्टी तपासतातच. पहिली आईची साखर. ती वाढली की बाळाचीही वाढते आणि लघवी जास्त होते. त्यासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन चाचणी करतात. दुसरी बाळाचे गिळणे. सोनोग्राफीत बाळाच्या जठराचा काळा फुगा पुन्हा पुन्हा पाहूनही दिसला नाही, तर अन्ननलिकेत अडथळ्याची शंका येते. शेजारी-शेजारी दोन फुगे दिसले तर अडथळा त्यापुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला असू शकतो. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत एकाकडे पाणी जास्त आणि दुसऱ्याकडे कमी झाले, तर तातडीने तज्ज्ञाकडे पाठवतात.

सौम्य वाढीत दोन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी होते आणि केवळ त्यासाठी 39 आठवड्यांआधी कळा आणत नाहीत. पाणी फार वाढले तर आईला धाप लागते, बाळ आडवे राहू शकते, पाणमोट फुटताना नाळ आधी खाली घसरण्याचा धोका असतो आणि प्रसूतीनंतर गर्भाशय सैल राहून रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून अशी प्रसूती रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी करतात. पाणी एकदम भरपूर गेले तर आईने आडवे होऊन लगेच मदत मागावी. बाळ जन्मल्यावर अन्ननलिका मोकळी आहे ना, हे पाहायला पहिल्या दुधाआधी तोंडातून जठरापर्यंत बारीक नळी घालतात. नळी मधेच अडली तर दूध न देता बाळाला नवजात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवतात.