एक ज्यूलची रेषा: एअरसॉफ्ट प्रतिकृतींच्या ताकदीवरील मर्यादा आणि तीन प्रकारांची पार्श्वभूमी

एअरसॉफ्ट म्हणजे बंदुकांच्या प्रतिकृतींतून प्लास्टिकचे हलके छर्रे मारण्याचा खेळ. त्यासाठी पहिली प्रतिकृती घेणाऱ्याच्या नजरेत खोक्यावरचा एक आकडा सर्वांत आधी भरतो. तो बहुधा छर्ऱ्याच्या वेगाचा असतो, मीटर प्रति सेकंद किंवा फूट प्रति सेकंद या एककात छापलेला. कायदा मात्र जवळपास सर्वत्र वेग मोजत नाही, तो ऊर्जा मोजतो आणि तीही ज्यूलमध्ये. खोक्यावरचा आकडा आणि कायद्यातला आकडा यांची सांगड कशी घालायची आणि एकच मर्यादा स्प्रिंग, गॅस व इलेक्ट्रिक या तिन्ही प्रकारांना वेगवेगळी का लागते, हे समजण्यासाठी जपानपासून सुरुवात करावी लागते, कारण हा खेळ आणि त्याची रेषा या दोन्ही गोष्टी तिथेच घडल्या.

जपानमध्ये १९५८ च्या शस्त्रकायद्यामुळे सामान्य नागरिकाला बंदूक बाळगणे जवळपास अशक्य झाले. हुबेहूब दिसणाऱ्या, पण काहीही न झाडणाऱ्या धातूच्या प्रतिकृतींचा छंद त्यानंतर फोफावला. या प्रतिकृती गुन्ह्यांत धाक दाखवण्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९७१ मध्ये धातूच्या पिस्तूल-प्रतिकृतींना पांढरा किंवा पिवळा रंग देणे आणि त्यांची नळी बुजवणे बंधनकारक झाले. १९७७ मध्ये हे नियम आणखी आवळले गेले. धातूचा मार्ग असा अरुंद झाल्यावर उत्पादक प्लास्टिककडे वळले, आणि प्लास्टिकच्या शरीरातून हवेच्या जोरावर हलका प्लास्टिकचा छर्रा सोडण्याची कल्पना पुढे आली. ६ मिलिमीटर व्यासाचा गोल छर्रा पुढे प्रमाण ठरला. हा उगम आजच्या खरेदीदारालाही उपयोगी पडतो, कारण जपानी बनावटीच्या अनेक गॅस पिस्तुलांची सरकती वरची बाजू, म्हणजे स्लाइड, अजूनही प्लास्टिकची असते आणि ती कमी दाबाच्या गॅससाठीच घडवलेली असते.

यंत्रणेपुरते पाहिले तर स्प्रिंगचा प्रकार सर्वांत साधा आहे. हाताने खटका मागे ओढला की स्प्रिंग दाबली जाते; चाप ओढला की ती पिस्टनला पुढे ढकलते, सिलिंडरमधली हवा आकुंचन पावते आणि छर्रा नळीतून बाहेर पडतो. प्रत्येक छर्ऱ्यासाठी ही कृती नव्याने करावी लागते. ऊर्जा पूर्णपणे स्प्रिंगमध्ये साठलेली असल्यामुळे हिवाळा असो वा उन्हाळा, पहिला छर्रा असो वा शंभरावा, वेगात फारसा फरक पडत नाही. नवशिक्याच्या हातात हाच प्रकार कमी कटकटीचा ठरतो, असे माझे मत आहे. मात्र स्वयंचलित प्रतिकृती घेतलेल्या खेळाडूंसमोर स्प्रिंगचे पिस्तूल घेऊन उभे राहिल्यावर ते अपुरे वाटते हेही खरे आहे.

त्या अपुरेपणावरचे पहिले उत्तर गॅस होते. १९८० च्या दशकात कमरेला किंवा पाठीवर टाकी बांधून, तिच्यापासून प्रतिकृतीपर्यंत रबरी नळी नेऊन स्वयंचलित मारा साधला जाई. १९९१ मध्ये टोकियो मारुई या जपानी कंपनीने फामास रायफलीच्या रूपात विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली आणि टाकी व नळीची गरजच संपवली. तिच्यात बॅटरीवर चालणारी छोटी मोटर तीन दातेरी चाकांच्या साखळीने पिस्टन मागे ओढते; शेवटच्या चाकावर दाते अर्ध्याच परिघावर असल्याने दाते संपताच पिस्टन सुटतो आणि स्प्रिंग त्याला पुढे फेकते. इलेक्ट्रिक प्रकार म्हणजे खरे तर स्प्रिंगचाच प्रकार आहे. हाताच्या जागी तिथे मोटर आली आहे, एवढाच फरक.

हा फरक नीट ध्यानात घेतला तर पहिल्या खरेदीतली सर्वांत नेहमीची गफलत टळते. अनेक जण समजतात की ७.४ व्होल्टच्या बॅटरीऐवजी ११.१ व्होल्टची बॅटरी लावली की छर्रा जोरात जाईल. प्रत्यक्षात वेग स्प्रिंग ठरवते. व्होल्टेज वाढल्याने मोटर जलद फिरते, म्हणजे एका सेकंदाला सुटणारे छर्रे वाढतात, प्रत्येक छर्ऱ्याची ऊर्जा नव्हे. उलट पिस्टन पुरता पुढे येण्याआधीच चाकाचे दाते त्याला पुन्हा पकडू लागतात आणि प्लास्टिकच्या पिस्टनचे दात झिजतात किंवा तुटतात. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण छर्रा सुटत नाही, हे त्याचे नेहमीचे लक्षण. ताकद बदलायची असेल तर स्प्रिंग बदलावी लागते. तिच्यावर एम१०० किंवा एम११० असा शिक्का असतो आणि तो साधारणपणे ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याला मिळणारा मीटर प्रति सेकंदातला वेग सुचवतो. नळीची लांबी आणि हवेची गळती यांनुसार प्रत्यक्ष आकडा थोडा इकडे-तिकडे होतो.

जपानमध्ये ताकदीवर कायद्याची रेषा मात्र बरीच उशिरा ओढली गेली. तोवर उत्पादकांच्या संघटना स्वतःहून मर्यादा पाळत होत्या, पण त्या संघटनांबाहेरचे सुटे भाग घालून जोर वाढवलेल्या प्रतिकृतींनी २००५ मध्ये धावत्या गाड्यांवर छर्रे मारण्याचे प्रकार घडले. २००६ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि ऑगस्टपासून लागू झाला. आधीपासून जवळ असलेल्या जोरदार प्रतिकृतींची विल्हेवाट लावण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. नव्या नियमाने मोजमाप ज्यूलचे न ठेवता छर्ऱ्याच्या आडव्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती ज्यूल, असे ठेवले आणि मर्यादा ३.५ अशी निश्चित केली. एवढीच ऊर्जा लहान टोकावर एकवटली तर ती त्वचेत अधिक शिरते, हा त्यामागचा विचार. ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्याचा छेद ०.२८३ चौरस सेंटिमीटर असतो, त्याला ३.५ ने गुणले की ०.९८९ ज्यूल येतात. जपानी खोक्यांवर आढळणारा ०.९८ हा विचित्र वाटणारा आकडा या गुणाकारातून आला आहे.

इतर देशांनी रेषा वेगवेगळ्या ठिकाणी ओढल्या. ब्रिटनमध्ये २०१७ पासून सलग मारा करू शकणाऱ्या प्रतिकृतीला १.३ ज्यूल आणि एकेक छर्रा सोडणाऱ्या प्रतिकृतीला २.५ ज्यूल ही कमाल आहे. जर्मनीत ०.५ ज्यूलच्या वर सलग माऱ्याला मुभाच नाही. स्वयंचलित आणि एकेरी असा भेद करण्यामागचे कारण सरळ आहे: एक जोरदार छर्रा लागल्यावर माणूस हात वर करून बाजूला होऊ शकतो, पण जवळून आलेल्या सलग दहा छर्ऱ्यांच्या वेळी तेवढा अवधी मिळत नाही. मात्र एकेरी छर्राही फार जवळून लागला तर धोक्याचा असतो, म्हणून जोरदार स्प्रिंग रायफलींना अनेक मैदानांवर किमान अंतराची अट असते.

आता आकड्यांची सांगड. ज्यूलमधली ऊर्जा म्हणजे किलोग्रॅममधल्या वस्तुमानाच्या निम्म्याला मीटर प्रति सेकंदातल्या वेगाच्या वर्गाने गुणणे. ०.२० ग्रॅमचा छर्रा १०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ३२८ फूट प्रति सेकंद वेगाने सुटला तर नेमकी १ ज्यूल ऊर्जा होते. वेगाचा वर्ग होत असल्याने वेगातली छोटी वाढ ऊर्जेत मोठी दिसते: तोच छर्रा ११४ मीटर प्रति सेकंदाने गेला की १.३ ज्यूल होतात. खोक्यावर वेग आहे पण छर्ऱ्याचे वजन नाही, असे असेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

वजनाचा मुद्दा गॅसच्या बाबतीत सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरतो आणि नेमका तोच दुकानात सांगितला जात नाही. स्प्रिंग आणि इलेक्ट्रिक प्रकारांत सिलिंडरमधली हवा मोजकी असते, त्यामुळे जड छर्रा घातला तर वेग उतरतो आणि ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. गॅसमध्ये व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत दाब मागून येतच राहतो. जड छर्रा नळीत अधिक काळ रेंगाळतो, अधिक गॅस त्याला ढकलतो आणि बाहेर पडताना त्याची ऊर्जा वाढलेली असते. समजा, दोन प्रतिकृती ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्यावर मोजल्या आणि दोन्ही १०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे १ ज्यूलवर आल्या. दोन्हींत ०.३० ग्रॅमचा छर्रा घातला. इलेक्ट्रिकचा वेग सुमारे ८२ पर्यंत उतरला तर ऊर्जा १ ज्यूलच राहिली. गॅसचा वेग मात्र ९० वरच थांबला, तर ऊर्जा १.२१५ ज्यूल झाली. मैदानावर वेग मोजणारे यंत्र, म्हणजे क्रोनोग्राफ, ०.२० ग्रॅमवर वापरले तर दोघांनाही हिरवा कंदील मिळेल आणि खेळताना एकजण मर्यादेबाहेर असेल. म्हणूनच जाणकार आयोजक प्रत्यक्ष खेळात वापरणार त्याच वजनाच्या छर्ऱ्यावर मोजणी घेतात.

गॅसचा दुसरा चंचलपणा तापमानाचा. सुरुवातीला वापरात असलेला फ्रीऑन ओझोन थराला घातक म्हणून बाजूला पडला आणि त्याची जागा एचएफसी-१३४ए ने घेतली. जपानबाहेर मात्र सिलिकॉन तेल मिसळलेला प्रोपेन, ज्याला ग्रीन गॅस म्हणतात, तो रूढ झाला. २० अंश सेल्सिअसला एचएफसी-१३४ए चा बाष्पदाब सुमारे ५.७ बार तर प्रोपेनचा ८.४ बार असतो. प्रोपेन ० अंशाला ४.७ बारपर्यंत उतरतो आणि ३० अंशाला १०.८ बारपर्यंत चढतो. थंड सकाळी मर्यादेत बसलेले पिस्तूल दुपारी मर्यादा ओलांडू शकते, ते यामुळेच. त्यातही सलग मारा केल्यावर द्रव गॅसचे बाष्प होताना छर्रे आणि गॅस साठवणारे मॅगझिन इतके गार पडते की ते हाताला जाणवते. स्लाइड पूर्ण मागे जात नाही, छर्रा पुढ्यातच पडतो. मॅगझिन काही मिनिटे उबदार जागी ठेवले की ते पूर्ववत चालते; बिघाड समजून ते उघडू नये. प्लास्टिकच्या स्लाइडमध्ये प्रोपेन भरला, तर वर सांगितलेला जपानी इतिहास आठवेल अशा रीतीने ती तडकते.

म्हणून पहिली खरेदी करताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: छापलेला वेग किती ग्रॅमच्या छर्ऱ्यावर मोजला आहे, गॅसचा प्रकार असल्यास कोणत्या गॅससाठी स्लाइड घडवली आहे, आणि ज्या मैदानावर खेळायचे तिथे मोजणी कोणत्या वजनावर होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरी येण्याआधी मिळाले तर बरे, कारण नंतर इलेक्ट्रिकची स्प्रिंग बदलता येते, पण गॅसची ताकद उतरवायला कमी दाबाचा गॅस किंवा वेगळा व्हॉल्व्ह घालावा लागतो आणि प्रत्येक मॉडेलसाठी तो मिळतोच असे नाही.