मालमत्तेसाठी सरकारी अनुदान आणि ते हिशोबात दाखवायच्या दोन पद्धती

मशीन, शेड, कोल्ड स्टोरेज असं काही उभं करायला सरकार जी सबसिडी देतं तिला हिशोबाच्या भाषेत मालमत्तेशी निगडित अनुदान म्हणतात. भारतात छोट्या कंपन्यांना यासाठी एएस १२ हे अकाउंटिंग स्टँडर्ड म्हणजे हिशोबाचं नियमपत्रक लागतं, मोठ्या आणि लिस्टेड कंपन्यांना आंतरराष्ट्रीय नियमांवर बेतलेलं इंड एएस २०.

मूळ गोष्ट एवढीच की आलेली सबसिडी त्या वर्षाचा नफा नाही, ती मशीनच्या आयुष्यभर थोडी थोडी उत्पन्नात यायला हवी. हे करायचे रस्ते दोन.

समजा तेलघाण्याचं मशीन २० लाखांचं, सबसिडी ३५ टक्के म्हणजे ७ लाख, आयुष्य १० वर्षं, शेवटी भंगाराची किंमत शून्य. पहिल्या पद्धतीत सबसिडी मशीनच्या किमतीतून वजा करायची, पुस्तकात मशीन १३ लाखांचं आणि घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरायची रक्कम, वर्षाला १.३ लाख. दुसरीत मशीन पूर्ण २० लाखांनीच दाखवायचं, ७ लाख ताळेबंदात देण्यांच्या बाजूला डिफर्ड इन्कम म्हणजे पुढच्या वर्षांचं उत्पन्न म्हणून ठेवायचे, मग दरवर्षी घसारा २ लाख आणि त्या ७ लाखांतले ७० हजार उत्पन्नात. नफ्यावर परिणाम दोन्हीकडे सारखाच, १.३ लाखच. ताळेबंद मात्र वेगळा दिसतो, पहिल्या वर्षाअखेर एकात मशीन ११.७ लाखांचं, दुसऱ्यात १८ लाखांचं आणि समोर ६.३ लाख डिफर्ड इन्कम. माझ्या मते दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक, कारण मशीनला खरे किती पैसे लागले आणि त्यातले सरकारचे किती हे वाचणाऱ्याला सरळ दिसतं.

इंड एएसमध्ये आधी फक्त दुसरीच पद्धत चालायची, २०१८ च्या दुरुस्तीने पहिलीलाही परवानगी मिळाली. आंतरराष्ट्रीय आयएएस २० मध्ये दोन्ही होत्याच.

खरा फरक कळतो तो अट मोडून सबसिडी परत करायची वेळ आली की. समजा ३ वर्षांनी ७ लाख परत गेले. डिफर्ड इन्कममध्ये तोवर ४.९ लाख उरलेत, ते संपवून बाकीचे २.१ लाख त्याच वर्षी खर्चात जातात. पहिल्या पद्धतीत मशीन ९.१ लाखांवर आलेलं असतं, एएस १२ प्रमाणे ते १६.१ लाख होतं आणि उरलेल्या ७ वर्षांत वर्षाला २.३ लाख घसारा, म्हणजे फटका पुढे पसरतो. इंड एएस मात्र म्हणतं की मागचा कमी पडलेला २.१ लाख घसारा लगेच दाखवा, मशीन १४ लाखांवर, त्यामुळे तिथे दोन्ही पद्धतींचं उत्तर जुळतं.

नेहमीची चूक म्हणजे अख्खे ७ लाख पहिल्याच वर्षी इतर उत्पन्नात टाकणं, त्या वर्षीचा नफा एकदम फुगलेला आणि पुढच्या वर्षी पडलेला दिसला तर आधी हेच तपासा. दुसरी चूक आयकराची. तिथे अशी सबसिडी मशीनच्या किमतीतून वजा होऊनच घसारा मिळतो, म्हणून पुस्तकात दुसरी पद्धत असेल तर रिटर्नच्या हिशोबात २० लाखांवर घसारा घेऊ नका, १३ वरच घ्या आणि ते ७० हजार उत्पन्नातून काढा, नाहीतर त्यांच्यावर उगाच टॅक्स बसतो.