निकोटिन आणि झोप

निकोटिन हे तंबाखूतील अल्कलॉइड उत्तेजक आहे. ‘झोपेपूर्वीच्या विडीने बरं वाटतं’ हा अनुभव खोटा नाही, पण ते बरे वाटणे मुख्यतः तलफ शमल्याचे असते. धूम्रपान करणाऱ्यांना झोप लागायला जास्त वेळ लागतो आणि त्यांची गाढ झोप कमी असते.

रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. रात्री अकराला शेवटची सिगारेट ओढली, तर ढोबळ हिशेबाने तीन वाजता पाव आणि सातला सोळावा हिस्सा उरतो. म्हणून सकाळच्या पहिल्या झुरक्याची घाई असते. निकोटिनवरचे अवलंबन मोजणाऱ्या 1991च्या सुधारित फागरस्ट्रॉम प्रश्नावलीत पहिला प्रश्न हाच आहे: जाग आल्यावर किती वेळात ओढता? पाच मिनिटांच्या आत ओढणाऱ्याला सर्वाधिक तीन गुण मिळतात.

काही जण मात्र सकाळची वाट पाहत नाहीत, मध्यरात्री उठून ओढतात. तलफेमुळे जाग येते की अन्य कारणाने जाग आल्यावर तलफ जाणवते, यावर मतभेद आहेत. पहिल्या मताला निकोटिनच्या उताराचा आधार आहे. परंतु घोरण्यातील श्वासरोध, लघवी आणि खोकला यांनीही धूम्रपान करणारे जागे होतात. दोन्ही गोष्टी एकत्र घडत असाव्यात, हे मत अधिक पटणारे आहे. रात्री उठून ओढणे हे तीव्र अवलंबनाचे लक्षण मानण्यास मात्र फारसा विरोध नाही.

सवय सोडल्यावर झोप आधी बिघडते. त्रास पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. याच काळात चुकून सिगारेट ओढल्याचे स्वप्न पडून माणूस अपराधी भावनेने दचकून उठतो. 1991मध्ये हायेक आणि बेल्चर या संशोधकांनी अशा स्वप्नांची नोंद केली. ती पडणे हे सवय पुन्हा लागण्याचे चिन्ह नसून, त्यांच्या पाहणीत ती पडणारे उलट अधिक टिकले. सवय सोडताना त्वचेवर लावायच्या चोवीस तासांच्या निकोटिन पट्टीनेही स्वप्ने ठळक होतात. तसे झाल्यास झोपताना पट्टी काढण्याचा सल्ला देतात. पहाटेची तलफ तीव्र असलेल्यांना मात्र ती रात्रभर ठेवणे सोयीचे पडते.

यातला चहाकॉफीचा भाग सहसा नजरेतून सुटतो. धुरातील बहुचक्रीय हायड्रोकार्बने यकृतातील CYP1A2 हे विकर वाढवतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन झपाट्याने निघून जाते. धूर थांबताच हा वेग मंदावतो. रोज पाच कप चहा पिणाऱ्याने तेवढाच चहा चालू ठेवला, तर कॅफिनची पातळी जवळपास दुप्पट होऊ शकते. मग हुरहूर, धडधड आणि जागरण हे सगळे ‘सिगारेट सोडल्याचे’ म्हणून खपते. चहा निम्म्यावर आणून दुपारनंतर बंद केल्यास कारण कोणते ते बरेचसे कळते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे मिश्री किंवा चुना-तंबाखू सोडणाऱ्याला तो लागू होत नाही. अवलंबन मात्र तिथेही असते आणि काहींना दाढेत तंबाखू धरल्याशिवाय झोप येत नाही.