विक्री एप्रिलपासून मोजा : एक्सेलमध्ये आर्थिक वर्ष आणि तिमाही

आमच्याकडे हिशेबाला येणाऱ्या दुकानदारांसाठी हे पत्रक आहे. बिलांची यादी बहुतेकांकडे एक्सेलमध्ये असते आणि तिचं पिव्होट टेबलही अनेक जण करतात. अडचण पुढे येते. तारखेचा रकाना ओढला की एक्सेल विक्रीची वर्षं आणि तिमाह्या आपोआप पाडतं, पण त्या जानेवारीपासून. त्यात `Qtr1` म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि आपल्या वह्यांत तीच चौथी तिमाही. वर्ष एप्रिलपासून धरायची सोय `Group` च्या खिडकीत नाही, त्यामुळे ती शोधत बसू नका.

उपाय सोपा आहे. प्रत्येक तारीख तीन महिने मागे न्यायची. एप्रिलचा जानेवारी होतो, मार्चचा आदल्या वर्षीचा डिसेंबर होतो, आणि मग नेहमीचंच गणित चालतं. तारीख A रकान्यात असेल तर यादीच्या शेवटी दोन नवे रकाने घ्या. पहिल्यात आर्थिक वर्ष, दुसऱ्यात तिमाही:

```
=YEAR(EDATE(A2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(A2,-3))+1,2)
=ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0)
```

15 जानेवारी 2025 चं बिल घ्या. तीन महिने मागे गेलं की 15 ऑक्टोबर 2024, म्हणून वर्ष 2024-25 आणि तिमाही 4. सूत्रं खालपर्यंत ओढा, पिव्होटमध्ये तारखेऐवजी हे दोन रकाने घ्या. मूळ तारखेला हात लावू नका, ती लागणारच आहे.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी असेल आणि बिलिंगमधून फाइल उघडली, तर 05/04/2024 ही 5 एप्रिलची तारीख एक्सेल निमूटपणे 4 मे करून टाकतं. 25/04/2024 मात्र त्याला कळत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती नुसता मजकूर राहते आणि सूत्र `#VALUE!` दाखवतं. लोक फक्त `#VALUE!` वाल्या ओळी सुधारतात आणि उलटलेल्या तारखा तशाच राहतात. ओळखायची खूण अशी: काही तारखा चौकटीत उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात, आणि डावीकडच्या सगळ्यांचा दिवस 12 च्या पुढचा असतो. असं दिसलं तर ओळी हाताने दुरुस्त करू नका. फाइल पुन्हा आयात करा आणि त्या वेळी रकान्याचा प्रकार `DMY` निवडा. `#NUM!` आलं तर बहुधा तारखेची चौकट रिकामी आहे.

आकडे मिळाले की ते वाचायचे कसे, यावर आमचं ठाम मत आहे: पाडव्याकडे बघितल्याशिवाय दोन आर्थिक वर्षांची तुलना करू नका. गुढीपाडवा 2023 मध्ये 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला आणि 2025 मध्ये 30 मार्चला. म्हणजे 2023-24 या वर्षात पाडवा आलाच नाही आणि 2024-25 मध्ये दोन आले. फ्रिज, टीव्ही, दुचाकी, सोनं विकणाऱ्याला हा फरक लहान नाही.

समजा एका दुकानाची विक्री अशी आहे: जानेवारी-मार्च 2024 ला 9 लाख, पुढच्या तीन तिमाह्यांत 18, 8 आणि 22 लाख, आणि जानेवारी-मार्च 2025 ला 14 लाख. कॅलेंडर वर्ष 2024 धरलं तर 57 लाख, आर्थिक वर्ष 2024-25 धरलं तर 62 लाख. चौथी तिमाही 9 वरून 14 वर गेली म्हणून माल दुप्पट भरायला निघालात तर थांबा. त्या वाढीत मार्चअखेरच्या पाडव्याचा वाटा किती, हे आधी पाहा. त्यासाठी पाडव्याआधीच्या दहा दिवसांची विक्री दोन्ही वर्षांत वेगळी काढा आणि ती वजा करून उरलेले आकडे शेजारी ठेवा. दिवाळीची अशी अडचण नाही, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच, म्हणजे तिसऱ्या तिमाहीतच येते.

पडताळणीसाठी जीएसटीच्या विवरणपत्राचा उपयोग करा. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांच्या तिमाह्याही एप्रिल-जूनपासूनच सुरू होतात, त्यामुळे पिव्होटमधली करपूर्व बेरीज जीएसटीआर-1 शी जुळायला हवी. जुळली नाही तर परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट आधी तपासा. मार्चमध्ये विकलेला माल एप्रिलमध्ये परत आला, तर त्याची नोट नव्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत वजा होते, जुन्या वर्षात नाही.

आम्हाला फाइल पाठवताना बिलाची तारीख, बिल क्रमांक, करपूर्व रक्कम आणि क्रेडिट नोटा एकाच यादीत द्या. क्रेडिट नोटांची रक्कम उणे चिन्हाने लिहा.