बेंबी फुगली तर थांबा, जांघ फुगली तर थांबू नका

बाळ रडायला लागलं की बेंबी लिंबाएवढी टरारून वर येते. बोटाने हलकेच दाबली तर गुळगुळ आवाज करत आत जाते, बाळाने पुन्हा भोकाड पसरलं की पुन्हा बाहेर. आत-बाहेर करतं ते बहुतेकदा आतडंच असतं, हे कळल्यावर आईबाप घाबरतात. पण या हर्नियाला सहसा काहीही करावं लागत नाही.

नाळ पोटाच्या भिंतीतल्या एका कड्यातून बाहेर येते. नाळ गळून पडल्यावर ते कडं आवळत जाऊन बंद होतं. काही बाळांत, विशेषतः दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्यांत, त्याला वेळ लागतो. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बहुतेक मुलांचं ते आपोआप मिटतं. फुगवटा केवढा दिसतो याला फारसा अर्थ नाही. डॉक्टर बोटाने चाचपतात ते त्याखालचं छिद्र. ते दीड सेंटीमीटरहून मोठं असेल तर मिटण्याची शक्यता कमी, आणि शाळेच्या वयापर्यंत राहिलंच तर छोटं ऑपरेशन करतात. आतडं इथे अडकणं क्वचितच घडतं.

बेंबीवर रुपयाचं नाणं ठेवून पट्टा बांधायची रीत अजून चालू आहे. त्याने कडं लवकर मिटत नाही, खाली घाम साचून कातडी मात्र सोलवटते. जे आपोआप बरं होणार होतं, त्याचं श्रेय नाण्याला मिळतं, एवढंच.

जांघेतल्या फुगवट्याचं गणित वेगळं आहे. गर्भात मुलाचं वृषण पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि शेवटच्या महिन्यांत खाली अंडकोषात उतरतं. त्याच्या वाटेवर पोटाच्या आतल्या पातळ अस्तराची एक नळी तयार होते. ती नंतर बुजायला हवी. उघडी राहिली तर आतडं तिच्यात उतरू शकतं. उजवं वृषण थोडं उशिरा उतरतं, म्हणून उजव्या बाजूचा हर्निया जास्त दिसतो. इथली वाट अरुंद असते आणि एकदा हर्निया दिसला की तो आपोआप बरा होईल म्हणून थांबत नाहीत, कारण आतडं अडकण्याचा धोका पहिल्या वर्षातच सर्वांत जास्त असतो.

समजा, आठव्या महिन्यात जन्मलेला एक मुलगा आता दोन महिन्यांचा आहे. अंघोळ घालताना तो रडला की उजव्या जांघेत गाठ दिसते, झोपला की नाहीशी होते. दवाखान्यात नेलं तेव्हा तो शांत होता, गाठ दिसलीच नाही, आणि घरच्यांनी विषय सोडून दिला. इथेच फसगत होते. गाठ दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बालशल्यचिकित्सकाला त्याचा खरोखर उपयोग होतो. पुढे एका संध्याकाळी ती गाठ आलेली गेलीच नाही. हाताला कडक लागते, हात लावताच बाळ किंचाळतं, दूध ओकतं. आतडं अडकलं आहे. आता बाळाला दूध पाजायचं नाही, गाठ घरी जोराने दाबायची नाही, थेट बालशस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. वरची कातडी लालसर झाली, पोट फुगलं किंवा उलटी हिरवी झाली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. काही तासांत ते सडू लागतं, आणि शेजारच्या वृषणाच्या रक्तवाहिन्याही दबतात. वेळेत पोचलं तर डॉक्टर बाळाला शांत करून आतडं हलक्या हाताने आत सारतात आणि सूज उतरल्यावर, एक-दोन दिवसांत ऑपरेशन करतात. आत गेलं नाही तर लगेच.

अंडकोषात नुसतं पाणी साचलं असेल तर तो हायड्रोसील. तो मऊ असतो, दुखत नाही आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. पण टॉर्च धरून प्रकाश आरपार जातो का, ही परीक्षा घरी करून निश्चिंत होऊ नये; तान्ह्या बाळाच्या पातळ आतड्यातूनही प्रकाश जातो.

मुलींनाही जांघेचा हर्निया होतो, फक्त कमी. त्यांच्या जांघेत बदामाएवढी, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी गाठ लागली तर तो बीजांडकोश असू शकतो. बाळ हसत-खेळत असलं तरी लवकर दाखवावं, कारण तिथे अडकलेला बीजांडकोश पिळला जाऊ शकतो.

ऑपरेशनात जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन ती नळी मुळाशी बांधतात. मोठ्यांना बसवतात तशी जाळी लागत नाही आणि बहुतेक बाळं त्याच दिवशी घरी जातात. कमी दिवसांच्या बाळांना मात्र रात्रभर ठेवून घेतात, कारण भूल उतरल्यानंतरही काही तास त्यांचा श्वास मध्येच थांबू शकतो.